शेपटीची बेरीज केव्हा करावी: अपेक्षित मूल्याचं दुसरं सूत्र

प्रश्न: ‘५२ पत्त्यांचा कॅट पिसला आणि एकेक पत्ता उलटत गेलो, तर पहिला एक्का येईपर्यंत सरासरी किती पत्ते उलटावे लागतील? त्या पत्त्यांच्या संख्येला X म्हणून मी Σ k·P(X=k) मांडलं आणि मध्येच अडकलो. मित्र म्हणाला, P(X>k) ची बेरीज कर, दोन ओळींत सुटेल. सूत्राची सिद्धता समजली, पण ते कुठे वापरायचं हे कसं ओळखायचं? शिवाय मी करून पाहिलं तर उत्तर ११.६ आलं, आणि उत्तरसूचीत १०.६ आहे.’

उत्तर:

आधी तो जादाचा १. तुम्ही बहुतेक P(X≥k) घेतलंत आणि बेरीज k=0 पासून सुरू केलीत. सूत्राची दोन रूपं आहेत, आणि दोन्हींत X ने k गाठण्याच्या किंवा ओलांडण्याच्या संभाव्यतेची, म्हणजे वितरणाच्या ‘शेपटी’ची, बेरीज होते:

E[X] = Σ P(X≥k), k = 1, 2, 3, …
E[X] = Σ P(X>k), k = 0, 1, 2, …

दोन्ही बेरजा एकच आहेत, कारण पूर्णांकी चलासाठी X>k आणि X≥k+1 यांत फरक नाही. पण एकाचं चिन्ह आणि दुसऱ्याची सुरुवात घेतली की बिघडतं. P(X≥0) नेहमी १ असतं, त्यामुळे Σ P(X≥k) शून्यापासून केली तर उत्तर बरोबर १ ने वाढतं, आणि Σ P(X>k) एकापासून केली तर P(X>0) एवढं कमी पडतं. खात्री करायची असेल तर X नेहमी ३ असतो असं धरा. P(X>k) हे k = 0, 1, 2 साठी १ आणि पुढे शून्य, म्हणजे बेरीज ३. दहा सेकंदांची ही तपासणी प्रत्येक वेळी करावी असं माझं मत आहे. मी सहसा ‘X>k, शून्यापासून’ हेच रूप वापरतो. ‘k पावलं झाली आणि काम अजून संपलेलं नाही’ असं ते सरळ वाचता येतं.

आता सिद्धतेकडे पुन्हा एकदा बघू, कारण सूत्र कुठे वापरायचं याचं उत्तर तिच्यातच आहे. X पत्ते उलटावे लागले, तर X ही संख्या १ + १ + … + १ अशी लिहिता येते: शून्य पत्त्यांनंतर काम बाकी होतं म्हणून एक, एका पत्त्यानंतरही बाकी होतं म्हणून आणखी एक, असं करत X−1 पत्त्यांपर्यंत. म्हणजे X = Σ 1[X>k], जिथे 1[X>k] हा दर्शक चल घटना घडली तर १, नाहीतर ०. दोन्ही बाजूंची अपेक्षा घेतली की सूत्र तयार. पदं सगळी ऋणेतर असल्यामुळे अनंत बेरजेतही क्रम बदलायला हरकत नाही, आणि E[X] अनंत असेल तर ही बेरीजही अनंतच येते.

म्हणून ‘X ची किंमत नेमकी किती’ हा प्रश्न सोडून ‘k पावलांनंतर काम बाकी आहे का’ हा हो-नाहीचा प्रश्न अनेकदा विचारणं, एवढंच या सूत्रात घडतं. श्रम वाचतात ते हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा सोपा असेल तेव्हाच.

तुमच्याच उदाहरणात दोन्ही वाटा चालून बघू.

सरळ वाट. पहिला एक्का k व्या जागी असेल तर उरलेले तीन एक्के त्यानंतरच्या 52−k जागांत कुठेतरी असले पाहिजेत. चार एक्क्यांच्या जागा एकूण C(52,4) = 2,70,725 प्रकारे निवडता येतात आणि सगळे प्रकार सारखेच संभाव्य आहेत. म्हणून

P(X=k) = C(52−k, 3) / C(52,4), k = 1 ते 49.

आता Σ k·C(52−k,3) काढायची आहे. अडचण करतो तो पुढचा k. C(52−k,3) मध्ये k ला सामावून घेणारं काही नाही, त्यामुळे तो सुटा राहतो. मार्ग आहे, पण युक्ती लागते. k ऐवजी 53 − (53−k) लिहायचं, मग (53−k)·C(52−k,3) = 4·C(53−k,4) हे ओळखायचं. बेरीज दोन तुकड्यांत फुटते: 53·C(52,4) वजा 4·C(53,5). C(53,5) = (53/5)·C(52,4) असल्यामुळे भागून 53 − 4·(53/5) = 53/5 = १०.६. उत्तर येतं, पण तीन नित्यसमानता वापराव्या लागतात आणि पहिली युक्ती सुचायला हवी. तुम्ही बहुधा तिथेच थांबलात.

शेपटीची वाट. X>k म्हणजे पहिल्या k पत्त्यांत एकही एक्का नाही, म्हणजेच चारही एक्के शेवटच्या 52−k जागांत आहेत:

P(X>k) = C(52−k, 4) / C(52,4), k = 0 ते 48.

बेरजेचा अंश C(52,4) + C(51,4) + … + C(4,4). पास्कलच्या त्रिकोणात एका तिरक्या रेषेवरच्या संख्यांची ही बेरीज आहे, आणि ती C(53,5) = 28,69,685 इतकी होते. भागा 2,70,725 ने: १०.६. संपलं.

दुसरी वाट लहान का झाली ते नीट बघा, कारण इथे नशिबाचा भाग नाही. P(X=k) हे खरं तर P(X>k−1) − P(X>k) आहे, दोन शेपट्यांची वजाबाकी. सरळ वाटेवर आपण आधी वजाबाकी करतो, मग k ने गुणतो, मग बेरीज करून ती वजाबाकी पुन्हा उलटवतो. ज्या कोड्यात शेपटी आपल्याला आधीच ठाऊक असते तिथे हे उगाचच वळसा घेणं आहे. चाचणी म्हणून मी एवढंच पाहतो: P(X=k) मांडताना मनात ‘k−1 पर्यंत नाही, आणि मग k ला हो’ असं वाक्य येतं का? येत असेल तर ‘k पर्यंत नाही’ एवढंच अर्धं वाक्य पुरेसं आहे. उरलेलं अर्धं सोडून द्या.

हेच कोडं पत्ता परत ठेवून आणि पुन्हा पिसून खेळलं, तर P(X>k) = (12/13)^k होतं. ही भूमितीय श्रेणी, बेरीज थेट १३. सरळ वाटेने Σ k·q^(k−1) साठी श्रेणीचं विकलन करावं लागतं. परत न ठेवता १०.६ आणि परत ठेवून १३ हा फरकही पटण्याजोगा आहे: परत न ठेवता उलटत गेलं की एक्का नसलेले पत्ते कमी होत जातात आणि पुढचा पत्ता एक्का असण्याची शक्यता वाढत जाते.

आकडेमोड संगणकावर करायची असेल तेव्हा. काही शेपट्यांची बेरीज सुबक सूत्रात बसत नाही, तरीही पदं मात्र गुणाकाराने पुढे सरकतात. वाढदिवसांचं कोडं घ्या: माणसं एकेक करून खोलीत येतात, वाढदिवसाची पहिली जोडी जुळेपर्यंत सरासरी किती माणसं यावी लागतील? वर्ष ३६५ दिवसांचं आणि सगळे दिवस सारखेच संभाव्य धरू. X>k म्हणजे पहिल्या k जणांचे वाढदिवस सगळे वेगळे. पुढचं पद काढायला आधीच्या पदाला (365−k)/365 ने गुणलं की झालं.

```python
p, s = 1.0, 0.0
for k in range(366):
    s += p              # P(X > k)
    p *= (365 - k) / 365
print(s)
```

उत्तर सुमारे २४.६२ येतं. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. प्रसिद्ध २३ ही संख्या सरासरी नव्हे. २३ जण जमले की जोडी असण्याची संभाव्यता पहिल्यांदा अर्ध्याच्या वर जाते, म्हणजे ती मध्यक आहे. दोन्ही आकडे याच शेपटीतून निघतात, पण प्रश्न वेगळे आहेत. प्रोग्राममध्ये क्रमाकडेही लक्ष द्या: आधी बेरीज, मग गुणाकार. उलट केलंत तर P(X>0) हे पद निसटेल आणि उत्तर २३.६२ येईल. तुमच्या ११.६ चीच ही दुसरी बाजू.

सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान. तीन फासे टाकले आणि त्यांतली सर्वांत लहान संख्या X असेल, तर X≥k म्हणजे तिन्ही फाशांवर किमान k. म्हणून P(X≥k) = ((7−k)/6)³, आणि बेरीज (216+125+64+27+8+1)/216 = 441/216 = 49/24, सुमारे २.०४. ‘सर्वांत लहान संख्या नेमकी ३’ याची संभाव्यता मोजताना एक फासा ३ की दोन की तीन असे प्रकार पाडावे लागतात. शेपटीत तसे प्रकार नाहीतच. सर्वांत मोठ्या संख्येसाठी ‘सगळे k किंवा कमी’ हे सोपं असतं, म्हणून P(X>k) = 1 − (k/6)³ घ्यायचं: 6 − 225/216 = 119/24, सुमारे ४.९६. दोन उत्तरांची बेरीज ७ यायलाच हवी, कारण प्रत्येक फासा उलटा मोजला (१ ला ६, २ ला ५) की लहान आणि मोठा यांची अदलाबदल होते. 49/24 + 119/24 = 168/24 = 7. ताळा जमला.

आता जिथे हे सूत्र वापरू नये त्या जागा. याच जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण नवं हत्यार हाती आलं की ते सगळीकडे चालवून बघण्याचा मोह होतो.

पहिली जागा म्हणजे द्विपद वितरण. नाणं n वेळा उडवून छाप किती आले, त्याची अपेक्षा. इथे P(X>k) हीच मुळात एक लांब बेरीज आहे आणि तिला छोटं सूत्र नाही, म्हणजे शेपटीच्या वाटेने बेरजेची बेरीज पदरी पडते. उलट सरळ वाटेवर k·C(n,k) = n·C(n−1,k−1) असं होऊन k आपोआप विरघळतो आणि np मिळतं. प्वासाँ वितरणातही k आणि k! यांचं असंच जमतं. तेव्हा P(X=k) च्या छेदात k! किंवा तसं काही असेल, तर आधी सरळ वाट बघा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक उडवणीचा दर्शक चल घेऊन n वेळा p मिळवणं. X मोजून मिळणारी संख्या असेल तर ‘मोजलेल्या प्रत्येक वस्तूचा दर्शक’ घ्या, X वाट पाहण्याची संख्या असेल तर ‘प्रत्येक पावलाचा दर्शक’ घ्या. दुसरा प्रकार म्हणजेच शेपटीची बेरीज.

दुसरी जागा जास्त फसवी आहे, कारण कोडं जवळजवळ तुमचंच दिसतं: दुसरा एक्का येईपर्यंत किती पत्ते? ही संख्या Y म्हणू. आता ‘k पत्त्यांनंतर काम बाकी’ याचा अर्थ k पत्त्यांत शून्य किंवा एक एक्का. शेपटी दोन तुकड्यांची झाली:

P(Y>k) = [C(52−k,4) + k·C(52−k,3)] / C(52,4).

पहिल्या तुकड्याची बेरीज १०.६. दुसरा तुकडा ओळखीचा वाटतो ना? तीच ती Σ k·C(52−k,3), जिच्यापासून पळून आपण शेपटीकडे आलो होतो. k परत आला. ती बेरीजही १०.६ च आहे हे वर काढलेलं असल्यामुळे उत्तर २१.२ येतं, पण शेपटीने इथे काहीही वाचवलं नाही. ‘अजून एकही नाही’ ही एकसंध अट असते तेव्हा शेपटी स्वस्त पडते. ‘अजून r पेक्षा कमी’ झाली की तीत r तुकडे येतात आणि फायदा झपाट्याने आटतो.

इथे योग्य हत्यार सममिती आहे. चार एक्के बाकीच्या ४८ पत्त्यांना पाच गटांत विभागतात: पहिल्या एक्क्याच्या आधीचा गट, मधले तीन आणि शेवटचा. पाचही गटांची सरासरी लांबी सारखी, ९.६. म्हणून पहिल्या एक्क्याला ९.६ + १ = १०.६, दुसऱ्याला २१.२, तिसऱ्याला ३१.८. सर्वसाधारण रूपात, n पत्त्यांत r एक्के असतील तर पहिल्यासाठी (n+1)/(r+1). प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमच्या मूळ प्रश्नालाही ही वाट शेपटीपेक्षा लहान आहे. पण ती सुचावी लागते आणि पत्त्यांची सममिती मोडली की ती निरुपयोगी होते. शेपटीला सममिती लागत नाही. P(X>k) लिहिता आलं की पुरे.

अटींबद्दल दोन गोष्टी. X ऋण असू शकत असेल तर ही बेरीज E[X] देत नाही, ऋण किमतींच्या जागी शून्य धरून येणारी अपेक्षा देते. X नेहमी −1 असेल तर बेरीज शून्य येते, यावरून लगेच लक्षात येईल. तिथे P(X≤−k) ची k = 1 पासूनची बेरीज वेगळी काढून वजा करावी लागते, आणि दोन्ही बेरजा अनंत निघाल्या तर अपेक्षाच अस्तित्वात नसते. दुसरी गोष्ट, X फक्त ०, ५, १०, १५ अशाच किमती घेत असेल तर k ला पाचाच्या उड्या मारायला लावून नुसती बेरीज करू नका. P(X>k) हे k = 0, 1, 2, 3, 4 साठी तेच राहतं, म्हणून प्रत्येक टप्पा पाच वेळा मोजला पाहिजे. उत्तर पाचपट लहान आलं तर चूक इथेच शोधा.

शेवटचा मुद्दा पाठ्यपुस्तकात क्वचित येतो, पण प्रत्यक्ष आकडेमोडीत कामाचा आहे. अनंत बेरीज कुठेतरी तोडावी लागते. K वर तोडली तर दोन सूत्रांची चूक सारखी नसते. शेपटीची बेरीज k = 0 ते K−1 घेतली तर min(X, K) ची अपेक्षा मिळते, म्हणजे लांब गेलेल्या प्रयोगांना निदान K एवढं श्रेय मिळतं. सरळ बेरीज K पर्यंत घेतली तर ते प्रयोग पूर्ण गळतात आणि उत्तर आणखी K·P(X>K) ने कमी येतं. पत्ता परत ठेवण्याचं कोडं घ्या, खरं उत्तर १३. K = 50 वर तोडलं तर (12/13)^50 सुमारे ०.०१८३. शेपटीची बेरीज १२.७६ देते, सरळ बेरीज ११.८५. पन्नासाच्या पुढे जाण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, तरीही सरळ बेरजेत एकाहून जास्त पत्त्याचा फरक पडतो, कारण ती छोटी संभाव्यता मोठ्या k ने गुणली जाते.

संभाव्यता अशा भूमितीय वेगाने घटत असेल तर K वाढवून हे सहज दुरुस्त होतं. पण काही शेपट्या आटतच नाहीत. सतत वितरणातून स्वतंत्र निरीक्षणं एकामागून एक घेत जा आणि पहिल्या निरीक्षणाला मागे टाकणारं निरीक्षण कितव्या जागी येतं ते X म्हणा. X>k म्हणजे पहिल्या k निरीक्षणांत पहिलंच सर्वांत मोठं, आणि सममितीने त्याची संभाव्यता 1/k. बेरीज 1 + 1 + 1/2 + 1/3 + …, म्हणजे अपेक्षा अनंत. अशा ठिकाणी संगणकाला कुठलाही K दिला तरी तो नेटका दिसणारा एक आकडा देईलच. म्हणून तोडण्याआधी P(X>k) किती वेगाने घटतं ते बघा: K दुप्पट केल्यावर बेरीज दरवेळी साधारण तेवढ्याच रकमेने (इथे सुमारे ०.६९ ने) वाढत राहिली, तर ती कुठेही थांबणार नाही.